माती ओली, तरी झाड कोमेजतं कसं? ओलावा-ताणाचा वक्र काढायचा आणि वाचायचा कसा

‘माती वली शे ना, मंग झाड काब्र सुकी ऱ्हायनं?’ खानदेशात उन्हाळी केळीच्या किंवा पावसाने ओढ दिलेल्या कपाशीच्या बांधावर हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा मुठीत माती दाबून दाखवतो आणि तिचा गोळाही होतो. त्याच दिवशी साक्रीकडच्या एखाद्या बरड रानातली माती हातातून भुरभुर गळते, पण तिथलं पीक अजून ताठ उभं असतं. ओव्हनमध्ये वाळवून मोजलं तर कोमेजलेल्या काळ्या रानात २० टक्के ओलावा निघेल आणि ताठ उभ्या बरडीत ११ टक्के.

मातीत पाणी किती आहे, याने पिकाचं भागत नाही. ते पाणी मातीने किती जोराने धरून ठेवलंय, यावर मुळांना ते ओढता येणार की नाही हे ठरतं. या धरून ठेवण्याच्या जोराला ताण म्हणतात आणि तो किलोपास्कलमध्ये मोजतात. माती पाण्याने भरलेली असताना ताण शून्याजवळ असतो. मोठ्या पोकळ्यांतलं पाणी आधी निघून जातं. उरतं ते बारीक पोकळ्यांतलं आणि चिकणमातीच्या कणांना पातळ थरासारखं चिकटलेलं पाणी. ते काढायला जास्त जोर लागतो, म्हणून माती सुकत जाते तसा ताण वाढत जातो. अमुक ताणाला मातीत किती ओलावा उरतो, हे कागदावर मांडलं की ओलावा-ताणाचा वक्र तयार होतो. जादा पाणी निघून गेल्यावर रानात उरणारा ओलावा म्हणजे फील्ड कॅपॅसिटी, आणि ज्या ओलाव्याला झाड कोमेजून परत सावरत नाही तो कायम कोमेजण्याचा बिंदू. हे दोन्ही आकडे त्याच वक्रावर वाचायचे असतात, आणि त्यांच्या मधलं पाणी तेच पिकाला उपलब्ध पाणी.

प्रयोगशाळेत हे काम प्रेशर प्लेटवर चालतं. जाड भिंतीचं लोखंडी भांडं, त्यात सच्छिद्र सिरॅमिकची प्लेट आणि प्लेटखालून बाहेर आलेली बारीक नळी, एवढीच त्याची रचना. २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेली माती सुमारे एक सेंटीमीटर उंचीच्या रबरी रिंगांत भरून प्लेटवर ठेवतात, आणि पाणी घालून रात्रभर भिजू देतात. मग झाकण आवळून आत हवेचा दाब देतात. ओल्या प्लेटच्या छिद्रांतून पाणी जातं, हवा जात नाही. त्यामुळे दिलेल्या दाबापेक्षा कमी जोराने धरलेलं सगळं पाणी नळीतून थेंब थेंब बाहेर पडतं. थेंब थांबले की त्या मातीचा ताण दिलेल्या दाबाएवढा झाला असं धरतात. दर ताणासाठी हेच पुन्हा करायचं. कमी दाबाच्या प्लेटा वेगळ्या असतात आणि १५०० किलोपास्कलची वेगळी.

दाब सोडल्यावर मात्र रेंगाळायचं नाही. माती लगेच डबीत टाकून वजन घ्यायचं, नाहीतर प्लेटमध्ये उरलेलं पाणी ती परत शोषून घेते. मग १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवून पुन्हा वजन. समजा रिकामी डबी २० ग्रॅमची आहे, ओल्या मातीसकट ४७ ग्रॅम भरली आणि वाळल्यावर ४० ग्रॅम. म्हणजे पाणी ७ ग्रॅम, कोरडी माती २० ग्रॅम आणि ओलावा ३५ टक्के. भागायचं ते कोरड्या मातीने. ओल्या २७ ग्रॅमने भागलं तर २६ टक्के येतील, आणि ही चूक सगळ्या वक्रभर पसरेल.

आता दोन माती शेजारी ठेवून बघू. एक रावेर-यावल पट्ट्यातली तापीकाठची खोल काळी, चिकण सुमारे ५२ टक्के. दुसरी साक्रीच्या बाजूची उतारावरची बरड. खालचे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत. आपल्या रानाचे आकडे आपल्या रानातल्या मातीवरच काढावे लागतात, पण या दोन प्रकारच्या जमिनींचा स्वभाव साधारण असाच दिसतो. ओलावा वजनाच्या टक्क्यात आहे.

| ताण (किलोपास्कल) | काळी | बरड |
|---|---|---|
| १० | ३९ | २० |
| ३३ | ३५ | १५ |
| १०० | ३० | ११ |
| ३०० | २६ | ९ |
| ५०० | २४ | ८.३ |
| १००० | २१.५ | ७.४ |
| १५०० | २० | ७ |

साध्या आलेख कागदावर हे आकडे मांडायला गेलं की अडचण होते. १० ते १०० पर्यंतचे तीन बिंदू डाव्या कडेला चिकटून बसतात आणि उरलेला कागद मोकळा राहतो. म्हणून आडव्या अक्षावर ताण लॉग प्रमाणात घ्यायचा, म्हणजे १० ते १०० आणि १०० ते १००० या दोन्ही टप्प्यांना सारखीच जागा मिळते. दुकानात यासाठी सेमी-लॉग कागद मिळतो. संगणकावर काढत असाल तर अक्षाला लॉग स्केल लावा, किंवा ताणाचा pF काढून साध्या अक्षावर मांडा. pF म्हणजे ताण पाण्याच्या स्तंभाच्या सेंटीमीटरमध्ये घेऊन त्याचा काढलेला लॉग. ताण A2 या घरात किलोपास्कलमध्ये असेल तर सूत्र असं:

```
=LOG10(A2*10.2)
```

१० किलोपास्कलला pF साधारण २ येतो, ३३ ला २.५ आणि १५०० ला ४.२. शून्य ताणाचा लॉग निघत नाही, म्हणून पूर्ण भिजलेल्या मातीचा बिंदू या अक्षावर बसवताच येत नाही. तो डाव्या काठाबाहेर वेगळा दाखवावा, वक्राला ओढून जोडू नये. बिंदू मांडल्यावर पट्टीने तुकडे जोडण्यापेक्षा हाताने एकच सलग, सतत उतरती रेघ काढा. ताण वाढताना ओलावा कुठे वर चढलेला दिसला, तर तो मातीचा गुण नसतो. तिथे वजनात किंवा प्लेटमध्ये चूक झालेली असते.

कायम कोमेजण्याचा बिंदू आधी वाचू, कारण तो सोपा आहे. आडव्या अक्षावर १५०० ला उभी रेघ काढायची, ती वक्राला जिथे छेदते तिथून डावीकडे जायचं. काळीत २० टक्के, बरडीत ७ टक्के. हा १५०० चा आकडा झाडांकडूनच आलेला आहे. डब्यातल्या मातीत सूर्यफुलाचं रोप वाढवायचं, वरून बाष्पीभवन बंद करायचं आणि रोप कोमेजलं की रात्रभर दमट, अंधाऱ्या पेटीत ठेवायचं. सकाळपर्यंत ते ताठ झालं नाही तर त्या मातीतला ओलावा हाच कायम कोमेजण्याचा ओलावा. रिचर्ड्स आणि वीव्हर यांनी १९४३ मध्ये दाखवलं, की बहुतेक मातींत हा ओलावा १५ वातावरणांच्या दाबाला उरणाऱ्या ओलाव्याशी जुळतो. तेव्हापासून १५ बार, म्हणजेच १५०० किलोपास्कल, हा संकेत रूढ झाला.

सगळीच पिकं नेमक्या १५०० ला कोमेजत नाहीत, हे खरं. पण वक्राकडे पाहिलं तर त्याने फारसं बिघडत नाही. एखादं पीक १२०० ला कोमेजो की २००० ला, काळीत ओलाव्याचा फरक दोन टक्क्यांच्या आत राहतो आणि बरडीत जेमतेम अर्धा टक्का. मे महिन्याच्या दुपारी केळीचं पान मध्यशिरेवर मिटून खाली लवतं, ते यात मोडत नाही. ते संध्याकाळी उघडतं. उन्हाच्या मागणीएवढं पाणी मुळं त्या वेळी पुरवू शकत नाहीत, इतकाच त्याचा अर्थ. रात्रभरानेही जे सावरत नाही, त्याचाच हा बिंदू आहे.

या बिंदूची खरी जोखीम यंत्रात आहे, आणि आपल्या काळ्या मातीत ती सगळ्यात जास्त आहे. १५०० च्या दाबाला चिकणमातीतून पाणी फार संथ निघतं. आठवडा लागतो, कधी त्याहून जास्त. त्यात माती आकसते, तिची बूड प्लेटवरून सुटते आणि पाण्याला जायला वाट राहत नाही. थेंब थांबतात, पण समतोल झाला म्हणून नाही, संपर्क तुटला म्हणून. मग माती प्रत्यक्षात ५०० ला पोचेल तेवढीच सुकलेली असते आणि तो ओलावा १५०० च्या नावाने लिहिला जातो. कोष्टकात २० च्या जागी २४ येतील आणि काळ्या मातीचं उपलब्ध पाणी एकाएकी एक चतुर्थांशाहून जास्त घटलेलं दिसेल. ओळखायची खूण वक्रातच असते. ५०० पर्यंत नीट उतरत आलेली रेघ शेवटच्या बिंदूला अचानक आडवी झाली, तर त्या बिंदूवर विश्वास ठेवू नये. दुसरी पडताळणी अशी, की १५०० चा ओलावा बऱ्याच मातींत चिकणाच्या टक्केवारीच्या साधारण ०.४ पट असतो. ५२ टक्के चिकणाला २१ च्या आसपास यायला हवा. २४-२५ आला तर नमुना पुन्हा लावावा, किंवा दवबिंदू मोजणाऱ्या यंत्रावर तपासावा. कोरड्या टोकाला ते यंत्र जास्त भरवशाचं असतं.

फील्ड कॅपॅसिटीचं तसं नाही. पुस्तकात ३३ किलोपास्कल लिहिलेलं असतं, म्हणून ३३ ला रेघ काढून काळीत ३५ आणि बरडीत १५ वाचून मोकळं होता येतं. पण फील्ड कॅपॅसिटी हा मुळात ताणाचा आकडाच नाही. भरपूर भिजलेल्या रानातून जादा पाणी खाली निघून गेल्यावर, साधारण दोन-तीन दिवसांनी, निचरा जवळपास थांबला असताना उरलेला ओलावा म्हणजे फील्ड कॅपॅसिटी. ३३ हा मध्यम पोताच्या मातीला बऱ्यापैकी जुळणारा अंदाज आहे. हलक्या, वाळूसर जमिनीत निचरा बऱ्याचदा १० किलोपास्कलच्या आसपासच मंदावतो. आता कोष्टक पुन्हा पाहा. बरडीत १० ला २० टक्के आणि ३३ ला १५ टक्के. कोमेजण्याचा बिंदू ७ धरला तर उपलब्ध ओलावा एका वाचनात १३ टक्के आणि दुसऱ्यात ८. जमीन तीच, वक्र तोच, फक्त रेघ ३३ ऐवजी १० ला काढली एवढ्याने शेतकऱ्याचं पाणी कागदावर निम्म्याहून जास्त वाढतं.

म्हणून हा बिंदू एकदा तरी रानात तपासावा, असं माझं ठाम मत आहे. दोन-अडीच मीटर लांबी-रुंदीचा चौकोन बांध घालून अडवायचा, मुळांच्या खोलीपर्यंत पोचेल इतकं पाणी भरायचं आणि ते जिरल्यावर प्लास्टिक अंथरून वर माती-पालापाचोळा टाकायचा, म्हणजे वाफ उडणार नाही. मग रोज ऑगरने १५, ३० आणि ४५ सेंटीमीटरवरून माती काढून ओलावा मोजायचा. सलग दोन दिवसांत आकडा फारसा उतरला नाही की तीच त्या रानाची फील्ड कॅपॅसिटी. बरडीत हे दुसऱ्या दिवशी कळून चुकतं. काळीत चार-पाच दिवसही लागतात, आणि तिथे निचरा पूर्ण थांबतच नाही, हळूहळू चालूच राहतो. हा मोजलेला ओलावा आता वक्रावर उलटा वाचायचा. उभ्या अक्षावर तो आकडा शोधा, आडवं वक्रापर्यंत जा, तिथून खाली उतरा. जो ताण मिळेल तो तुमच्या रानाचा. पुढच्या वेळी त्याच प्रकारच्या जमिनीत चौकोन न भरताही त्या ताणाला रेघ काढता येते.

वक्राचं ओलं टोक आणि रानातलं मोजमाप जुळत नसेल, तर चाळलेली माती हे त्याचं एक कारण असू शकतं. कमी ताणाला पाणी मोठ्या पोकळ्यांत आणि ढेकळांच्या घडणीत असतं, आणि चाळताना ती घडण मोडते. म्हणून १० आणि ३३ चे बिंदू शक्यतो धातूच्या कड्यात न मोडता काढलेल्या मातीवर घ्यावेत. १५०० ला पाणी कणांच्या पृष्ठभागावर असतं, तिथे चाळलेली माती चालते.

आता हे टक्के पाण्याच्या मिलिमीटरमध्ये आणायचे. वजनाच्या टक्क्याला मातीच्या स्थूल घनतेने गुणलं की आकारमानाचा टक्का मिळतो. काळीत उपलब्ध ओलावा ३५ वजा २०, म्हणजे १५ टक्के. घनता १.२५ घेतली तर १८.७५ टक्के, म्हणजे मीटरभर खोलीत १८७ मिलिमीटर पाणी. सूत्र सोपं आहे, पण घनता कधीची घ्यायची यावर काळ्या जमिनीत फार मोठी गफलत होते. ही माती सुकताना आकसते आणि भेगाळते. ओल्या अवस्थेत जिची घनता १.२५ असते, तिचं वाळलेलं ढेकूळ मोजलं तर १.८ पर्यंत जातं, कारण भेगांची जागा ढेकळाबाहेर राहते. १.८ ने गुणलं की १८७ चे २७० मिलिमीटर होतात. हे ८३ मिलिमीटर पाणी रानात कुठेच नसतं. कडं ठोकून नमुना घ्यायचा तो रान ओलं असताना, फील्ड कॅपॅसिटीच्या जवळ, आणि पुढच्या सगळ्या हिशेबाला तीच घनता वापरायची.

बरडीत गफलत दगडांची होते. चाळणीवर राहिलेले खडे आपण बाजूला टाकतो आणि वक्र फक्त बारीक मातीचा निघतो. रानात मात्र ते खडे जागा अडवून बसलेले असतात. वजनाने ३० टक्के खडे असतील तर १३ टक्के उपलब्ध ओलाव्याला ०.७ ने गुणायचं, ९.१ होतो. खड्यांसकट घनता १.६ आणि मुरूम लागेपर्यंतची खोली ३० सेंटीमीटर असेल, तर हाती येतं सुमारे ४४ मिलिमीटर पाणी. तेही १० किलोपास्कलचं वाचन खरं ठरलं तर. काळीत ६० सेंटीमीटर खोलीतच ११२ मिलिमीटर असतं.

दोन टोकं वाचली तरी मधल्या रेघेचा उतार न वाचता वक्र गुंडाळून ठेवू नये. दोन्ही जमिनींत ‘उपलब्ध पाण्यातलं निम्मं संपलं की पाणी द्या’ हा नियम लावून बघा. बरडीत २० आणि ७ च्या मध्यावर, १३.५ टक्क्यांना, वक्र साधारण ५० किलोपास्कल दाखवतो. काळीत मध्य २७.५ टक्के येतो आणि तिथे ताण २०० च्या घरात असतो. म्हणजे निम्मं पाणी संपलं तेव्हा बरडीतलं झाड अजून आरामात पितंय, पण काळीतलं झाड चौपट ताणाशी झगडतंय. बरडीचं पाणी सोपं आणि थोडं असतं, म्हणून तिथे पीक काल बरं दिसतं आणि आज एकदम बसतं. काळीचं पाणी पुष्कळ असतं, पण पुढे पुढे कठीण होत जातं. तिथे पीक कोमेजण्याच्या कितीतरी आधीपासून मुकाट्याने मागे पडतं. पानं नंतर लवतात, वाढ आधी मंदावते.

कपाशीची मुळं खोल जातात आणि ती हा ताण बराच सोसते. ‘एफएओ’च्या सिंचनविषयक मार्गदर्शनात उपलब्ध पाण्यातलं साधारण ६५ टक्के वापरेपर्यंत कपाशीला ताण बसत नाही असं धरलं आहे. केळीला हीच मर्यादा ३५ टक्के, आणि कडक उन्हात ती आणखी खाली आणायची असते. बागेत मातीचा ताण जागेवरच दाखवणारा टेन्शिओमीटर लावला असेल तर वक्र इथे थेट कामाला येतो. हे उपकरण सुमारे ८० किलोपास्कलपर्यंतच चालतं, त्यापुढे नळीत हवा शिरते. आपल्या काळ्या मातीच्या वक्रावर ८० ला ओलावा ३१ टक्के आहे. ३५ पासून ३१ म्हणजे १५ पैकी ४, उपलब्ध पाण्याचा जेमतेम चौथा हिस्सा. केळीला तेवढंच हवं असतं, म्हणून केळीच्या बागेत टेन्शिओमीटर शोभतो. कपाशीत मात्र त्याचा काटा शेवटाला पोचतो तेव्हा पाण्याची वेळ अजून दूर असते. त्या ३१ टक्क्यांवर ६० सेंटीमीटर थर पुन्हा फील्ड कॅपॅसिटीला आणायचा तर ४ टक्के गुणिले १.२५ गुणिले ६०० मिलिमीटर, म्हणजे ३० मिलिमीटर पाणी लागेल. एकराला सुमारे १ लाख २० हजार लिटर.

मुक्ताईनगरकडे, पूर्णेच्या बाजूला, जिथे जमीन खारवट आहे तिथे मात्र हा वक्र एकटा पुरत नाही. प्रेशर प्लेट फक्त मातीने धरलेलं पाणी मोजते. मातीतले क्षार पाण्याला जो आणखी ताण लावतात, तो तिला दिसत नाही, कारण क्षार पाण्याबरोबरच नळीतून निघून जातात. मुळाला मात्र दोन्ही ताणांविरुद्ध पाणी ओढावं लागतं. त्यामुळे वक्र २० टक्के म्हणत असला तरी तिथलं पीक २३-२४ टक्क्यांनाही मान टाकू शकतं. अशा रानात वक्राच्या जोडीला मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता मोजून घ्यावी. ती ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर निघाली, तर १५०० ची रेघ सोडून आधीच्याच ताणाला पाणी द्यायला लागावं.